उडता राजा मिळाला की डाव हातात?

‘शंभर घरांच्या ड्राफ्ट्समध्ये राजा अख्खा कर्ण ओलांडतो, म्हणून ज्याला पहिला राजा मिळाला तो जिंकलाच.’

असं वाटणं साहजिक आहे, पण या खेळात मारणं सक्तीचं असतं. लांब पल्ल्याच्या राजाला दुरूनही ओढून आणता येतं.

पट मांडून बघा. काळी घरं वरून, डावीकडून उजवीकडे १ ते ५० मोजा. खालचा डावा कोपरा ४६. काळ्याचा नवा राजा ४६ वर, त्याची सोंगटी १९ वर. पांढऱ्याच्या सोंगट्या २९, ३३ आणि ३४ वर. खेळी पांढऱ्याची.

पांढरा ३३ वरून २८ वर जातो, म्हणजे सोंगटी मुद्दाम देतो. राजाला ती मारावीच लागते. एरवी पलीकडचं कुठलंही मोकळं घर निवडता आलं असतं, पण १९ वर त्याचीच सोंगटी आडवी आहे, म्हणून तो २३ वरच थांबतो. मग २९ ची सोंगटी त्याच्यावरून उडी मारून १८ वर जाते. एका सोंगटीच्या बदल्यात राजा गेला!

३४ ची सोंगटी काढून हेच करून पाहा. आता २९ च्या मागे घर मोकळं आहे, त्यामुळे राजा २३ वरून वळून तीही मारतो आणि सापळा फसतो. जवळच्या घरांत चालणाऱ्या राजाला २८ चं आमिष दिसलंही नसतं; इथे पल्लाच त्याला नडतो.

उलटही खरं आहे: एकटा राजा ४६ ते ५ हा मोठा कर्ण धरून बसला, तर तीन राजेही त्याला हरवू शकत नाहीत.