करंट मिररची दोन दुखणी आणि कॅस्कोडचा उपाय

करंट मिररकडून आपण दोन गोष्टी मागतो. एका बाजूने १०० मायक्रोॲम्पिअर सोडले की दुसऱ्या बाजूलाही १०० च मिळावेत, ही झाली अचूकता. आणि आउटपुटचं व्होल्टेज वर-खाली झालं तरी तो आकडा हलू नये, म्हणजेच आउटपुट रेझिस्टन्स भरपूर असावा. कॅस्कोडने, म्हणजे एका ट्रान्झिस्टरवर दुसरा चढवण्याच्या रचनेने, दोन्ही सुधारतात असं सगळीकडे एका दमात सांगितलं जातं. पण कॅस्कोड जन्माला आला तो यातल्या दुसऱ्या कामासाठी. पहिलं काम त्याच्या अंगी आपोआप येत नाही, ते मुद्दाम करून घ्यावं लागतं, आणि त्याचा इतिहास पाहिला की हे चांगलं लक्षात राहतं.

कॅस्कोडची गोष्ट व्हॉल्व्हच्या काळातली आहे. ट्रायोडमध्ये ॲनोडचं व्होल्टेज बदललं की करंटही बऱ्यापैकी बदलतो. १९३९ साली हंट आणि हिकमन या दोघांनी व्होल्टेज स्थिर ठेवणाऱ्या सर्किटांवर लेख लिहिला, आणि त्यात एका ट्रायोडवर दुसरा ट्रायोड चढवला. वरचा ट्रायोड व्होल्टेजमधला चढउतार स्वतः झेलतो, त्यामुळे खालच्याच्या ॲनोडला त्याची फारशी झळ लागत नाही. ॲनोडचं व्होल्टेज बदललं तरी ज्याचा करंट फारसा हलत नाही अशा पेंटोड व्हॉल्व्हसारखे दोन साधे ट्रायोड मिळून वागू लागले. एका करंटची हुबेहूब नक्कल करणं हा प्रश्न तिथे नव्हताच.

ट्रान्झिस्टर आला तसं तेच दुखणं नव्या रूपात आलं. १९५२ मध्ये जेम्स अर्ली यांनी ते उलगडून दाखवलं: कलेक्टरचं व्होल्टेज वाढलं की तिथला डिप्लीशनचा पट्टा रुंदावतो, बेस तेवढा अरुंद होतो आणि करंट वाढतो. मॉस ट्रान्झिस्टरमध्ये ड्रेनचं व्होल्टेज वाढलं की चॅनेलची लांबी किंचित घटते, आणि परिणाम तोच.

१९६० च्या दशकात फेअरचाइल्डमध्ये बॉब विडलार यांनी अशी सर्किटं रचली, ज्यांचा भरवसा एकाच चिपवर शेजारी-शेजारी बनलेल्या ट्रान्झिस्टरांच्या सारखेपणावर होता. चिपवर मोठे रेझिस्टर महाग पडतात, जुळे ट्रान्झिस्टर मात्र स्वस्तात मिळतात. करंट मिरर घरोघरी पोचला तो या विचारामुळे. पण बायपोलर मिररला एक वेगळी गळती होती. दोन्ही ट्रान्झिस्टरांचा बेस करंट इनपुटमधूनच जातो. बीटा १०० असेल तर १०० मायक्रोॲम्पिअर देऊन आउटपुटला जेमतेम ९८ मिळतात.

इथे कॅस्कोड लावला तर काय होतं? आउटपुट रेझिस्टन्स वाढतो, पण वर आणखी दोन ट्रान्झिस्टर आले म्हणजे बेस करंट मागणारेही वाढले. इनपुटवर दोन आणि आउटपुटवर दोन असे चार ट्रान्झिस्टर रचले की बीटा १०० ला तूट २ टक्क्यांवरून जवळपास ४ टक्क्यांवर जाते. म्हणजे एक दुखणं बरं करताना दुसरं बळावलं. १९६७ साली टेक्ट्रॉनिक्समध्ये जॉर्ज विल्सन आणि बॅरी गिल्बर्ट यांनी एकमेकांना पैज घातली, की फक्त तीन ट्रान्झिस्टरांत याहून चांगला मिरर रात्रीतून कोण काढतो. विल्सन जिंकले. त्यांच्या रचनेत फीडबॅकमुळे बेस करंटची तूट ०.०२ टक्क्यांच्या आसपास आली आणि आउटपुट रेझिस्टन्सही वाढला. बायपोलरच्या जगात विल्सनचा मिरर इतका का गाजला, ते या दोन गोष्टींवरून कळतं.

मॉस ट्रान्झिस्टरच्या गेटमधून डीसी करंट जवळजवळ जात नाही, त्यामुळे ती गळती उरली नाही आणि कॅस्कोडची खरी वेळ आली. एक उदाहरण नीट सोडवून पाहू. इनपुट करंट १०० मायक्रोॲम्पिअर, थ्रेशोल्ड ०.५ व्होल्ट, ओव्हरड्राइव्ह ०.२ व्होल्ट, म्हणजे गेट-सोर्स व्होल्टेज ०.७. ड्रेनच्या दर व्होल्टमागे करंट साधारण १० टक्के वाढतो असं धरू. साध्या मिररमध्ये इनपुटच्या ट्रान्झिस्टरचा गेट आणि ड्रेन जोडलेले असतात, म्हणून त्याचा ड्रेन ०.७ वर बसतो. आउटपुटही ०.७ वर असेल तर १०० बरोबर मिळतात. आउटपुट २.७ वर नेलं की ११९ मिळतात. आउटपुट रेझिस्टन्स सुमारे १०० किलोओहम.

आता दोन्ही बाजूंना वर एकेक ट्रान्झिस्टर चढवू. त्याचा ट्रान्सकंडक्टन्स १ मिलिसीमेन्स, आतला रेझिस्टन्स १०० किलोओहम, म्हणून गेन सुमारे १००. आउटपुट २ व्होल्टने हललं तर खालच्या ट्रान्झिस्टरचा ड्रेन हलतो फक्त २० मिलिव्होल्ट. करंट वाढतो ०.२ मायक्रोॲम्पिअर. आउटपुट रेझिस्टन्स १० मेगाओहम झाला. शिवाय वरच्या दोघांचे गेट एकत्र असल्यामुळे खालचे दोन्ही ड्रेन ०.७ वर येतात, आणि अचूकता येते ती या सारखेपणामुळे.

पण किंमत द्यावी लागते. खालचा ड्रेन ०.७ वर अडकलेला, त्यावर वरच्याला ०.२ हवेत, म्हणजे आउटपुट ०.९ व्होल्टच्या खाली नेता येत नाही. साधा मिरर ०.२ पर्यंत चालत होता. सप्लाय कमी होत गेला तसं हे परवडेना. खालच्या ट्रान्झिस्टरला खरी गरज ०.२ व्होल्टचीच असते. मग वरच्याच्या गेटला वेगळं बायस देऊन आउटपुटचा खालचा ड्रेन ०.२ वर आणला की आउटपुट ०.४ पर्यंत उतरतं. इथेच बरेच जण फसतात. इनपुटची बाजू तशीच ठेवली तर तिथला ड्रेन ०.७ वर राहतो, इकडचा ०.२ वर, आणि १०० ऐवजी ९५ च्या आसपास मिळतात. रेझिस्टन्स १० मेगाओहमच, पण करंट चुकीचा. सिम्युलेशनमध्ये आउटपुट व्होल्टेज फिरवून पाहिलं तर रेषा अगदी सपाट दिसते, म्हणून सगळं ठीक आहे असं वाटतं. चूक उतारात नसतेच, पातळीत असते. म्हणून आलेखाचा उतार पाहून थांबू नये, खालच्या दोन ड्रेनची व्होल्टेजं शेजारी-शेजारी वाचावीत.

बेल लॅब्जमधल्या नवदीप सूच यांच्या मॉस कॅस्कोड मिररला १९८५ मध्ये पेटंट मिळालं. त्यात हे बायस इनपुटच्याच फांदीतून तयार होतं. रेषीय विभागात चालणारा एक ट्रान्झिस्टर, आदर्श हिशेबात इतरांच्या एक-तृतीयांश आकाराचा, हवा तेवढा ड्रॉप देतो, आणि इनपुटकडचा खालचा ड्रेनही आउटपुटकडच्या पातळीला आणला जातो. कमी व्होल्टेजवर चालणं आणि अचूकता एकाच वेळी साधली. आज वापरात असलेल्या वाइड-स्विंग मिररमध्ये हाच विचार दिसतो, बायस तयार करायच्या तऱ्हा तेवढ्या निरनिराळ्या.

कॅस्कोडच्या हाताबाहेरचं एक उरतंच. खालच्या दोन ट्रान्झिस्टरांच्या थ्रेशोल्डमध्ये २ मिलिव्होल्टचा फरक असला, तर ०.२ च्या ओव्हरड्राइव्हला करंट २ टक्क्यांनी, म्हणजे २ मायक्रोॲम्पिअरनी चुकतो. कॅस्कोडनंतर उरलेल्या चुकीच्या हे दहापट आहे. वर आणखी एक ट्रान्झिस्टर चढवून ते कमी होत नाही. खालच्या जोडीचं क्षेत्रफळ वाढवावं लागतं किंवा ओव्हरड्राइव्ह वाढवावा लागतो, आणि ओव्हरड्राइव्ह वाढवला की वर वाचवलेलं व्होल्टेज पुन्हा खर्ची पडतं.