फोर-के मॉनिटरवर फुल एचडी: गुळगुळीत की पूर्णांक पट

फुल एचडी चित्रात १९२० × १०८० पिक्सेल असतात, तर फोर-के पडद्यावर ३८४० × २१६०. दोन्ही बाजूंनी बरोबर दुप्पट. म्हणजे मूळचा एक पिक्सेल पडद्यावर चार सारख्या पिक्सेलांचा चौकोन होऊन बसू शकतो आणि काहीही अस्पष्ट होत नाही. यालाच पूर्णांक पट किंवा इंटिजर स्केलिंग म्हणतात. बहुतेक मॉनिटर मात्र तसे करत नाहीत. ते शेजारच्या पिक्सेलांच्या रंगांची सरासरी काढून मधली जागा भरतात, आणि अक्षरांच्या कडा धुरकट दिसतात.

पूर्णांक पटीचे काम ग्राफिक्स कार्डाकडून करून घेता येते. एनव्हिडियाने ही सोय २०१९ मध्ये ट्युरिंग पिढीपासूनच्या कार्डांना दिली. त्यांच्या कंट्रोल पॅनेलमध्ये Adjust desktop size and position उघडून Integer scaling निवडावे, Perform scaling on पुढे GPU ठेवावे आणि मग रिझोल्यूशन १९२० × १०८० करावे. लॅपटॉपवर हे पान दिसले नाही, तर बहुधा एचडीएमआय पोर्ट प्रोसेसरमधल्या ग्राफिक्सला जोडलेला असतो. अशा वेळी त्या ग्राफिक्सच्या सेटिंगमध्ये शोधावे.

नेमके काय चालू आहे, हे मॉनिटरच्या स्वतःच्या मेनूतल्या माहितीवरून कळते. तिथे १९२० × १०८० दिसले तर चित्र मॉनिटर मोठे करतो आहे. ३८४० × २१६० दिसले तर कार्ड. पूर्णांक पट खरोखर लागू आहे का, हे पाहायला एकेका पिक्सेलाच्या काळ्या-पांढऱ्या चौकटींचे चित्र शंभर टक्के आकारात उघडावे. चौकटी कडक काळ्या-पांढऱ्या राहिल्या तर ती लागू आहे, करड्या झाल्या तर सरासरी चालू आहे.

अडचण येते ती पोर्टमध्ये. ऐरोलीतल्या घरी ऑफिसचा लॅपटॉप २७ इंची फोर-के मॉनिटरला जोडला आणि त्याचा पोर्ट एचडीएमआय १.४ चा असला, असे धरू. कार्ड चित्र मोठे करते, तेव्हा केबलमधून पूर्ण फोर-के सिग्नल जातो, आणि हा पोर्ट तो सेकंदाला ३० वेळाच पाठवू शकतो. माउस अडखळत सरकतो. मॉनिटरकडे काम सोपवले तर ६० वेळा मिळतात, पण धूसरपणा स्वीकारावा लागतो. दोन्ही हवे असेल तर एचडीएमआय २.० किंवा डिस्प्लेपोर्ट लागतो.

लिखाणाच्या कामाला मात्र यातले काहीच करू नये. सिग्नल फोर-केच ठेवून विंडोजमध्ये स्केल २०० टक्के करावे. आकार तेवढाच राहतो आणि अक्षरे चौपट पिक्सेलांनी रेखली जातात. अक्षरे गुळगुळीत दिसावीत म्हणून विंडोजचे क्लिअरटाइप त्यांना ज्या रंगीत कडा देते, त्याही इंटिजर स्केलिंगने दुप्पट जाड होतात. पिक्सेल-कलेच्या जुन्या खेळांना ते शोभते. सोसायटीच्या सीसीटीव्हीच्या चित्राला किंवा चित्रपटाला गुळगुळीतपणाच बरा, कारण तिथे मूळ कडाच मऊ असतात आणि चौकोनी पायऱ्या डोळ्यांना खुपतात.

२५६० × १४४० हे रिझोल्यूशन दीडपट बसते, म्हणून तिथे ही युक्ती चालत नाही. कार्ड चित्र मूळ आकारातच मधोमध ठेवते आणि डावी-उजवीकडे ६४० पिक्सेल, वर-खाली ३६० पिक्सेल काळे सोडते.