घरचा पैसा, वहीतलं कर्ज: संचालक आणि भागीदार यांच्या उसनवारीची पार्श्वभूमी

मरोळ किंवा साकीनाक्याच्या एखाद्या औद्योगिक गाळ्यात चालणाऱ्या छोट्या प्रायव्हेट लिमिटेडचा ताळेबंद उघडला, तर बँकेच्या कर्जाखाली बहुतेक वेळा एक ओळ सापडते: संचालकांकडून घेतलेलं कर्ज. बँकेची सीसी मर्यादा संपलेली असते, जीएसटी भरायची तारीख जवळ आलेली असते, गिऱ्हाइकाचं पेमेंट अडकलेलं असतं. मग मालक स्वतःच्या बचत खात्यातून पाच-दहा लाख कंपनीत टाकतो. त्याच्या लेखी तो पैसा या खिशातून त्या खिशात गेलेला असतो. कायदा मात्र त्याच्याकडे गेली पन्नासेक वर्षं सावकाराच्या पैशासारखं पाहत आला आहे. तो असा का पाहतो, हे समजलं की नोंदी कशा करायच्या हेही बरंचसं आपोआप समजतं.

सुरुवात भागीदारीपासून करायला हवी, कारण मुंबईतल्या कितीतरी कंपन्या आधी भागीदारी फर्म होत्या आणि त्यांच्या वहीच्या सवयी तिथल्याच आहेत. १९३२ च्या भागीदारी कायद्याने भागीदाराचं भांडवल आणि त्याने वर टाकलेली रक्कम यांत तेव्हाच फरक केला होता. ठरलेल्या भांडवलापेक्षा जास्त पैसे भागीदाराने धंद्याला दिले, तर कलम १३ नुसार त्यावर दरसाल ६ टक्के व्याज मागता येतं. भांडवलावरचं व्याज मात्र करारात असेल तरच, आणि तेही नफ्यातूनच. प्रत्यक्षात फर्मच्या वहीत ही दोन्ही खाती क्वचितच वेगळी ठेवली जात. सगळं भागीदाराच्या एकाच चालू खात्यात जमा-नावे होई. प्राप्तिकराच्या दृष्टीने तसं करून फारसं काही बिघडतही नव्हतं, कारण फर्मने भागीदाराला दिलेलं व्याज फर्मच्या नफ्यातून वजाच मिळत नसे. आपणच आपल्याला व्याज देतो आहोत, असं ते गणित होतं.

१९९२ च्या वित्त कायद्याने हे चित्र उलटं केलं. करनिर्धारण वर्ष १९९३-९४ पासून भागीदाराला दिलेलं व्याज फर्मला खर्च म्हणून मिळू लागलं आणि भागीदाराच्या हातात ते करपात्र झालं. त्यासाठी प्राप्तिकर कायद्याच्या कलम ४०(बी) मध्ये दोन अटी आल्या. व्याज भागीदारीपत्रात लिहिलेलं असलं पाहिजे आणि दर वर्षाला सरळ १८ टक्क्यांच्या वर नको. १ जून २००२ पासून ही मर्यादा १२ टक्क्यांवर आली आणि तिथेच राहिली. त्यामुळे जुन्या डीडमध्ये अजूनही १८ टक्के लिहिलेलं असेल आणि मुनीम त्याच दराने व्याज लावत असेल, तर वरचे ६ टक्के फर्मच्या उत्पन्नात परत मिळवले जातात. डीड व्याजाबद्दल काहीच बोलत नसेल, तर भागीदार ६ टक्के मागू शकेल, पण प्राप्तिकरात वजावट मागताना डीडचा आधार नसतो. मुंबईत कितीतरी फर्म तीस वर्षांपूर्वीच्या एका स्टँप पेपरवर चालल्या आहेत, म्हणून हा मुद्दा दिसतो त्यापेक्षा महाग पडतो.

कंपनीची वाट वेगळी होती. सत्तरच्या दशकात मुंबई-अहमदाबादच्या गिरण्यांसह अनेक कंपन्या लोकांकडून ठेवी घेऊन भांडवल उभं करत. त्यावर अंकुश आणण्यासाठी १९७४ च्या दुरुस्तीने कंपनी कायद्यात कलम ५८ए आलं आणि १९७५ मध्ये ठेवींचे नियम. या नियमांनी संचालकाकडून आलेली रक्कम ‘ठेव’ या व्याख्येतून बाहेर ठेवली. अट एकच होती, ती पुढे खूप महत्त्वाची ठरली: हा पैसा आपण दुसऱ्याकडून उसना घेऊन देत नाही, असं संचालकाने लिहून द्यायचं. असा उसना पैसा अडवला नसता, तर लोकांकडून ठेवी गोळा करायच्या आणि संचालकाच्या नावाने कंपनीत आणायच्या, ही पळवाट उघडीच राहिली असती.

२०१३ चा नवा कंपनी कायदा आला आणि ठेवींची कलमं १ एप्रिल २०१४ पासून लागू झाली, तेव्हा प्रायव्हेट कंपन्यांची झोप उडाली. भागधारक आणि नातेवाइकांकडून पैसे घ्यायची जुनी मोकळीक एकदम गेली. घरच्या कंपनीत बायकोच्या नावचे पाच लाख आले तर ते ठेव ठरायला लागले. २०१५ मध्ये सरकारने थोडं मागे येऊन संचालकाच्या नातेवाइकाचा पैसाही, तशाच लेखी हमीवर, सूट यादीत घातला. २०१६ पासून अशी रक्कम खात्यांवरच्या टिपांत स्वतंत्र दाखवणं सक्तीचं झालं आणि २०१९ पासून ठेव नसलेल्या रकमाही डीपीटी-३ या विवरणात दरवर्षी ३० जूनपर्यंत कळवाव्या लागतात. आता ज्या कंपनीचा हिशेब वर्षातून एकदाच, ऑगस्टमध्ये सीएकडे पिशवी नेऊन होतो, तिला जूनची ही तारीख हमखास चुकते.

लेखी हमी हा माझ्या मते सगळ्यात दुर्लक्षित कागद. एखादा संचालक डोंबिवलीच्या फ्लॅटवर स्वतःच्या नावाने कर्ज काढतो आणि ती रक्कम दुसऱ्या दिवशी कंपनीत टाकतो. मग मार्चमध्ये छापील नमुन्यावर सही करतो की हा पैसा उसना नाही. बँक स्टेटमेंटमध्ये कर्जाची जमा आणि कंपनीला झालेलं ट्रान्सफर एकाखाली एक दिसत असतं. हमी खोटी ठरली की सूट जाते, रक्कम ठेव होते, आणि दंडाची पायरी कंपनीसाठी एक कोटी किंवा ठेवीच्या दुप्पट, यांतली कमी रक्कम, इथून सुरू होते. असा पैसा आणायचाच असेल तर कर्ज थेट कंपनीने काढावं आणि संचालकाने फक्त जामीन राहावं.

आता करकपातीकडे. व्याजावर टीडीएस लावणारं कलम १९४ए साठच्या दशकातलं. कंपनीने संचालकाला व्याज दिलं तर ते पहिल्यापासून लागत आलं आहे. फर्मने भागीदाराला दिलेलं व्याज मात्र त्याच कलमात स्पष्टपणे वगळलेलं होतं. फर्मची कंपनी झाली की नेमकी इथे ठेच लागते. हात तोच, खातं तेच, व्याजाची मार्चमधली नोंद तीच, पण टीडीएसचा विषय पूर्वी कधी आलेलाच नसतो.

एक साधं उदाहरण घेऊ. कंपनीने १ जुलै २०२५ रोजी संचालकाकडून १२ लाख रुपये दरसाल १२ टक्क्यांनी घेतले. पैसे बँकेतूनच आले, कारण २०,००० रुपये किंवा अधिक कर्ज रोखीत घेतलं की कलम २६९एसएस लागतं आणि दंड रकमेइतकाच असतो. ही तरतूद १९८४ ची आहे. पैसे येण्याआधी बोर्डाच्या सभेत कर्जाचा ठराव झाला, दर आणि परतफेडीची अट त्यात लिहिली. ३१ मार्च २०२६ ला नऊ महिन्यांचं व्याज होतं १,०८,०००. ही रक्कम १०,००० च्या मर्यादेच्या वर आहे (मार्च २०२५ पर्यंत ही मर्यादा ५,००० होती), म्हणून १० टक्के, म्हणजे १०,८०० कापायचे. नोंद अशी: व्याज खर्च नावे १,०८,०००, देय टीडीएस जमा १०,८००, संचालकाला देय व्याज जमा ९७,२००. कपात कापली जाते ती खात्यात जमा होताना किंवा प्रत्यक्ष देताना, जे आधी घडेल तेव्हा. ‘अजून पैसे दिलेलेच नाहीत’ हे कारण चालत नाही, आणि व्याज संचालकाच्या नावाऐवजी एखाद्या सस्पेन्स खात्यात टाकूनही सुटका नाही. मार्चची कपात ३० एप्रिलपर्यंत भरायची.

ताळेबंदात १२ लाख मागताक्षणी परत करायचे असतील तर अल्पमुदतीच्या कर्जात, संबंधित व्यक्तींकडून म्हणून दाखवायचे. न दिलेले ९७,२०० इतर चालू देण्यांत. ते मुद्दलात मिसळून टाकायची सवय वाईट आहे, कारण मग पुढच्या वर्षी व्याज कशावर मोजायचं आणि डीपीटी-३ मध्ये कोणता आकडा लिहायचा याचा घोळ होतो. लेखामानक १८ खाली वर्षात घेतलेली रक्कम, झालेलं व्याज आणि वर्षअखेरची बाकी टिपांत द्यावी लागते. शिवाय संचालक किंवा नातेवाइकाकडून आलेल्या पैशाची वेगळी टीप असतेच.

टीडीएस कापलाच नाही तर काय? व्याजाच्या ३० टक्के, म्हणजे ३२,४०० रुपये खर्च म्हणून नाकारले जातात. कंपन्यांसाठीच्या २२ टक्के दराच्या करयोजनेत, अधिभार आणि उपकर धरून, त्यावर सुमारे ८,१५० रुपये कर बसतो, आणि कपात न केल्याचं दरमहा १ टक्का व्याज वेगळं. संचालकाने स्वतःच्या विवरणात ते व्याज दाखवून कर भरला असेल, तर सीएच्या दाखल्यावर नाकारणी टळते. हेच कर्ज बिनव्याजी असतं, तर टीडीएसही नसता आणि छोट्या कंपनीला काल्पनिक व्याजाची नोंदही करावी लागली नसती. कितीतरी मालक म्हणूनच व्याज घेत नाहीत. कंपनीला १२ टक्क्यांची कमाल मर्यादा नाही, पण बाजारापेक्षा फार चढा दर अधिकारी वाजवी नसल्याचं सांगून कापू शकतात.

भागीदाराची सूट २३ जुलै २०२४ च्या अर्थसंकल्पात संपली. नव्या कलम १९४टी नुसार १ एप्रिल २०२५ पासून फर्मने भागीदाराला दिलेलं वेतन, बोनस, कमिशन आणि व्याज वर्षात मिळून २०,००० च्या वर गेलं की सगळ्या रकमेवर १० टक्के कापायचे. भांडवल खात्यात जमा केलं तरी कपात लागते. म्हणजे भागीदाराच्या ३ लाखांवर १२ टक्क्यांनी ३६,००० व्याज जमा झालं, तर ३,६०० भरायचे. ज्या फर्मने कधी टॅन, म्हणजे करकपातीसाठी लागणारा क्रमांक, घेतलाच नव्हता, तिलाही तो काढावा लागला. एकाच चालू खात्यात सगळं घालायची जुनी पद्धत इथे अडचणीची ठरते, कारण उचल, भांडवल आणि उसने पैसे वेगळे केल्याशिवाय ३१ मार्चला कपातीचा आकडाच निघत नाही.

१ एप्रिल २०२६ पासून प्राप्तिकर कायदा २०२५ लागू होतो आणि पगाराखेरीजच्या कपातीच्या तरतुदी कलम ३९३ च्या तक्त्यांत एकत्र येतात. ३१ मार्च २०२६ ला जमा झालेलं व्याज, वरच्या उदाहरणातलं, जुन्या कायद्याखालीच राहतं. ३० एप्रिलला भरायचं चलन आणि जानेवारी-मार्च तिमाहीचं विवरण जुन्याच कलमाने जाईल. एप्रिलपासूनच्या व्याजासाठी मात्र टॅलीतला कलमाचा कोड बदलून घ्यावा लागेल.