इन्फरन्स प्लॅटफॉर्मवरची पोच: आजची मांडणी अशी का आहे

हस्तांतरणाच्या फोल्डरमध्ये सगळी कॉन्फिगरेशन आहे. पण `prefetch_count = 2`, म्हणजे पोच न दिलेले जास्तीत जास्त दोनच निरोप एका वर्करच्या हाती, ही ओळ नुसती वाचली, तर पुढचा माणूस ती पहिल्याच आठवड्यात बदलेल. दोन हा आकडा कंजूष दिसतो, आणि कामं रांगेत थांबलेली असताना तो वाढवावासा वाटणं साहजिक आहे. म्हणून ही पार्श्वभूमी. मॉडेल कसं चालतं हे इथे फारसं नाही. वर्करने रांगेला "काम झालं" कधी सांगायचं, एवढ्याच निर्णयाचा हा मागोवा आहे.

हा प्रश्न आपल्यापेक्षा खूप जुना आहे. अर्पानेटमध्ये एखादा संदेश पलीकडच्या यंत्रापर्यंत पोहोचला की नेटवर्क पाठवणाऱ्याला पोच द्यायचं. सॉल्टझर, रीड आणि क्लार्क यांनी १९८४च्या आपल्या प्रसिद्ध निबंधात नेमकं यावरच बोट ठेवलं. संदेश पोहोचला हे कळून पाठवणाऱ्याचं फारसं भागत नाही. पलीकडच्याने त्यावर काम केलं का, हे त्याला हवं असतं, आणि ते फक्त काम करणाराच सांगू शकतो. आमच्या प्लॅटफॉर्मवर नंतर जे काही बिघडलं, त्यातलं बरंचसं या दोन पोचांची गल्लत होण्यातून आलं.

आमची रांग सांभाळणारा ब्रोकर म्हणजे रॅबिटएमक्यू. ते ज्या एएमक्यूपी प्रोटोकॉलवर उभं आहे, त्याची सुरुवात २००३मध्ये जेपी मॉर्गन चेस या बँकेत झाली आणि त्याची ०-९-१ ही आवृत्ती २००८मध्ये आली. त्यात दोन्ही पोचांची सोय आहे. वर्करने स्वतः पोच द्यायची, किंवा निरोप सॉकेटवर लिहिला गेला की तो पोहोचला असं ब्रोकरने धरून चालायचं. दुसऱ्या पद्धतीला पायका लायब्ररीत `auto_ack` म्हणतात.

आमचा पहिला वर्कर `auto_ack=True` लावूनच सुरू झाला. दस्तऐवज यायचा, मॉडेल त्यातली माहिती काढायचं, निकाल डेटाबेसमध्ये जायचा. एका दस्तऐवजाला साधारण २ सेकंद लागत. डॅशबोर्डवर रांग कायम रिकामी दिसायची आणि सगळे खूश असायचे. पण या पद्धतीत `prefetch_count` लागूच होत नाही, त्यामुळे ब्रोकर हाताशी असलेले सगळे निरोप वर्करच्या अंगावर टाकून मोकळा होतो. रांग रिकामी दिसे, कारण सगळी रांग वर्करच्या मेमरीत बसलेली असे. नवी आवृत्ती चढवताना वर्कर बंद झाला की ती मेमरी गेली आणि तिच्यासोबत कामंही गेली. कुठे एरर नाही, लॉगमध्ये ओळ नाही. निकाल आला नाही म्हणून कोणी विचारलं तरच कळायचं.

मग वर्करकडून पोच घेण्याची पद्धत आली, आणि तिच्यासोबत ५०चा आकडा आला. दर निकालाला डेटाबेसचा वेगळा व्यवहार महाग पडत होता, म्हणून वर्कर ५० निरोप उचलायचा, एकेक सोडवायचा, सगळे निकाल एका व्यवहारात लिहायचा आणि शेवटी `multiple=True` लावून पन्नासांची पोच एकदम द्यायचा. २ सेकंदांच्या कामाला हे उत्तम होतं. १०० सेकंदांत एक फेरी पूर्ण, आणि मध्ये वर्कर पडला तर पन्नासही निरोप रांगेत परत. त्या काळाचा विचार करता मला हा निर्णय आजही चुकीचा वाटत नाही.

यानंतर दोन बदल झाले. ते वेगवेगळ्या लोकांनी, वेगवेगळ्या वेळी केले.

पहिला ब्रोकरच्या अपग्रेडचा. पूर्वी निरोप घेतलेला वर्कर पोच न देता कितीही वेळ बसला तरी रॅबिटएमक्यू त्याला हटकत नसे. कनेक्शन जिवंत आहे ना, एवढंच पाहिलं जायचं. २०२१मध्ये ३.८.१५ आवृत्तीत पोचेला मुदत आली. आधी ती १५ मिनिटांची होती, ३.८.१७मध्ये ३० मिनिटांची झाली. कारण रास्त आहे. एखादा अडकलेला वर्कर निरोप धरून बसला की ब्रोकरला डिस्कवरची जुनी जागा मोकळी करता येत नाही, आणि शेवटी डिस्कच भरते. आमचं अपग्रेड झालं तेव्हा एका दस्तऐवजाला १२ सेकंद लागत होते. पन्नासांची फेरी १० मिनिटांत संपायची, त्यामुळे ही मुदत आली आहे याची कोणाला झळही बसली नाही.

दुसरा बदल मॉडेलचा. नवं मॉडेल मोठं होतं, अचूक होतं, आणि एका दस्तऐवजाला सरासरी ४० सेकंद घेत होतं. त्याची चाचणी एकेका दस्तऐवजावर झाली आणि तिथे ४० सेकंद सगळ्यांना मान्य होते. फेरीचा हिशेब मात्र आता ५० गुणिले ४०, म्हणजे २००० सेकंद झाला होता. मुदत १८०० सेकंदांची. पोच फेरीच्या शेवटी एकदम जाणार असल्यामुळे उशीर शेवटच्या पाचांपुरता राहिला नाही. पन्नासांपैकी एकाचीही पोच वेळेत जाणं शक्य नव्हतं.

३० मिनिटं उलटली की ब्रोकर चॅनल बंद करायचा आणि पन्नास निरोप रांगेच्या पुढच्या टोकाला, आपल्या जुन्या जागी, परत जायचे. वर्करला हे लगेच कळत नव्हतं. तो उरलेले दस्तऐवज सोडवायचा, निकाल डेटाबेसमध्ये लिहायचा, आणि पोच द्यायला गेला की चॅनल बंद असल्याचं कळायचं. तोवर दुसऱ्या वर्करने तेच पन्नास हाती घेतलेले असायचे. पुढे त्याचीही तीच गत.

हे ओळखायला कठीण गेलं, कारण प्रत्येक आकडा सुटा पाहिला तर ठीक होता. जीपीयू पूर्ण क्षमतेने चालत होते. डेटाबेसमध्ये निकाल लिहिले जात होते आणि ते बरोबर होते. वर्कर पडत नव्हते. फक्त रांग कमी होत नव्हती. सगळ्यांनी मॉडेल हळू आहे असं धरलं आणि आणखी वर्कर जोडले, तर नव्या वर्करांनी पुढचे पन्नास-पन्नास उचलून त्यांचंही तेच केलं. खरी खूण डेटाबेसमध्ये होती. त्याच त्या दस्तऐवजांच्या ओळींवर `updated_at` दर अर्ध्या तासाने पुढे सरकत होतं, आणि रांगेतल्या मागच्या दस्तऐवजांच्या ओळीच नव्हत्या. ब्रोकरच्या लॉगमध्ये तर स्पष्ट लिहिलेलं होतं, पण तो लॉग तेव्हा कोणी गोळा करत नव्हतं:

```
PRECONDITION_FAILED - delivery acknowledgement on channel 1 timed out. Timeout value used: 1800000 ms.
```

सर्वांत सोपा उपाय `consumer_timeout` वाढवण्याचा होता, आणि तो सुचवलाही गेला. तो न घेण्याचं कारण असं की पुढचं मॉडेल आणखी मोठं आलं की आपण पुन्हा इथेच. शिवाय खरोखर अडकलेला वर्कर तितकाच उशिरा सापडेल. त्याऐवजी आम्ही एकाच आकड्यात अडकलेल्या दोन गोष्टी सुट्या केल्या. जीपीयूला एका वेळी किती दस्तऐवज द्यायचे हे मॉडेल चालवणारा ट्रायटन सर्व्हर ठरवतो. निरनिराळ्या वर्करांच्या विनंत्या तो काही मिलिसेकंद थांबून एकत्र करतो, आणि त्या सेटिंगचा पोचेशी संबंध नाही. पोच मात्र आता दर दस्तऐवजाला एक. डेटाबेसचा खर्च वाढला, पण दस्तऐवजामागे ४० सेकंद लागत असताना तो नगण्य आहे. पन्नासांची मोट बांधण्याचं मूळ कारण दोन सेकंदांच्या कामासोबतच संपलं होतं.

आजची मांडणी अशी:

```
prefetch_count    = 2
x-queue-type      = quorum
x-delivery-limit  = 3
consumer_timeout  = 1800000
```

दोन का, तर एक दस्तऐवज मॉडेलकडे असताना दुसरा डाउनलोड होऊन तयार राहावा म्हणून. एक ठेवला तर प्रत्येक दस्तऐवजामागे जीपीयू थोडा वेळ रिकामा बसतो. दोनच्या पुढे नेल्यावर वेग वाढलेला दिसला नाही, थांबणं मात्र वाढलं. आमचं सर्वांत लांब काम ६ मिनिटांचं आहे, म्हणजे निरोप हाती आल्यापासून पोच जाईपर्यंत जास्तीत जास्त १२ मिनिटं. हा आकडा बदलताना सरासरी वेळ घेऊ नका, सर्वांत लांब कामाचा वेळ घ्या, आणि गुणाकार मुदतीच्या निम्म्याच्या आत ठेवा.

पोच देण्याचा क्रमही ठरलेला आहे. आधी निकाल डेटाबेसमध्ये, मग पोच. उलट केलं तर मधल्या क्षणी वर्कर पडला की काम हरवतं. सध्याच्या क्रमात तसं झालं तर तेच काम पुन्हा होतं, आणि तो धोका आम्ही जाणूनबुजून पत्करला आहे. पुनरावृत्ती निरुपद्रवी राहावी म्हणून निकालाची की दस्तऐवजाचा हॅश आणि मॉडेलची आवृत्ती मिळून बनते. वर्कर काम सुरू करण्याआधी ती की पाहतो आणि निकाल असेल तर थेट पोच देतो. कीमधून मॉडेलची आवृत्ती काढली, तर नवं मॉडेल चढवल्यावरही जुनेच निकाल मिळत राहतील.

कोडमध्ये हे एवढंच आहे:

```python
result = run_model(job)
save_result(job.key, result)
conn.add_callback_threadsafe(
    lambda: channel.basic_ack(tag))
```

शेवटच्या दोन ओळी विचित्र दिसतात, पण त्या सरळ करू नका. मॉडेल वेगळ्या थ्रेडमध्ये चालतं, कारण मुख्य थ्रेड अडकला की पायका ब्रोकरला हार्टबीट पाठवू शकत नाही आणि ब्रोकर वर्कर मेला असं समजून कनेक्शन तोडतो. पायकाचं कनेक्शन थ्रेडसुरक्षित नाही, म्हणून पोच मुख्य थ्रेडकडे सोपवावी लागते. आणि पोच ज्या चॅनलवर निरोप आला त्याच चॅनलवर द्यावी लागते.

क्वोरम रांग घेण्याचं कारण वेगळं होतं. एक प्रचंड मोठा स्कॅन आला की जीपीयूची मेमरी संपून प्रोसेसच मरायची. मेलेली प्रोसेस नकार कळवू शकत नाही, तेव्हा निरोप परत जाऊन पुढच्या वर्करला मारायचा. क्लासिक रांगेत निरोप परत आलेला आहे एवढंच कळतं, कितव्यांदा ते कळत नाही. क्वोरम रांग मोजते, आणि मर्यादेपेक्षा जास्त वेळा परत आलेला निरोप डेड लेटर रांगेत टाकते. डेड लेटर एक्स्चेंज जोडलेलं नसेल तर असा निरोप टाकून दिला जातो, तेव्हा नवी रांग बनवताना ते विसरू नका. वर्कर मध्येच बंद झाला तरी मोजणी वाढते, त्यामुळे एका दिवसात लागोपाठ अनेकदा आवृत्ती चढवली तर निर्दोष दस्तऐवजही डेड लेटरमध्ये सापडतील. ते तिथून सरळ पुन्हा रांगेत टाकले तरी चालतं, हॅशची की त्यासाठीच आहे.

एक गोष्ट अर्धवट राहिली आहे. शेकडो पानांचे दस्तऐवज घेण्याची मागणी आली आहे, आणि त्यांना एकेकी २० मिनिटं लागतील असा अंदाज आहे. ते या रांगेत घेऊ नका, कारण दोनच्या हिशेबाने ४० मिनिटं होतात. रॅबिटएमक्यू ३.१२पासून मुदत रांगेनुसार वेगळी ठरवता येते. त्यांच्यासाठी वेगळी रांग, `prefetch_count = 1` आणि `x-consumer-timeout` एक तासाचा, असा मसुदा शाखेत ठेवला आहे. अजून चढवलेला नाही. चढवण्याआधी मोठ्यात मोठा दस्तऐवज मॉडेलवर प्रत्यक्ष चालवून वेळ मोजा.