गेमिंग लाउंजसाठी कंट्रोलर घाऊक घेताना: कोटेशनचं पत्र, वॉरंटीच्या अटी आणि लागणारे कागद

दुकानदाराला व्हॉट्सअ‍ॅपवर 'बल्क रेट काय?' विचारलं की एक आकडा येतो आणि वॉरंटी विचारल्यावर 'एक वर्ष कंपनी' एवढंच उत्तर मिळतं. मीही पहिल्या खेपेला त्यावरच माल घेतला. आठव्या महिन्यात तीन कंट्रोलर ड्रिफ्ट व्हायला लागले, म्हणजे हात न लावता खेळाडू स्क्रीनवर एका बाजूला सरकू लागला. दुरुस्ती केंद्रात बिल पाहून पहिलाच प्रश्न आला: 'हे घरी वापरता की दुकानात?'

खरी मेख इथेच आहे. अनेक कंपन्यांची वॉरंटी घरगुती वापरापुरती असते आणि व्यावसायिक वापर त्यातून वगळलेला असतो. स्टिकच्या आत कार्बनचा पट्टा आणि त्यावर घासणारा संपर्क असतो. लाउंजमध्ये दिवसाचे दहा-बारा तास तो घासला गेला की झिजतो, मग स्टिक मोकळी सोडली तरी शून्यावर परत येत नाही. म्हणून कंपनीच्या वॉरंटीवर विसंबू नका. बदलून देण्याची हमी पुरवठादाराकडूनच, लेखी मागा.

घाऊक भाव कोणाला मिळतो? कायद्याची वेगळी अट नाही, पण वितरक बहुधा जीएसटी क्रमांक विचारतात. महाराष्ट्रात सेवा व्यवसायाची उलाढाल वर्षाला 20 लाखांच्या आत असेल तर सर्वसाधारणपणे नोंदणी सक्तीची नाही, मात्र नोंदणी नसेल तर भरलेल्या कराची वजावटही मिळत नाही. कंपोझिशन योजनेत असलेल्यांनाही ती मिळत नाही. त्यांनी भावांची तुलना करासह येणाऱ्या रकमेवरच करावी.

पत्रासोबत जीएसटी प्रमाणपत्र आणि गुमास्ता जोडा. कामगार थोडे असल्याने गुमास्ता नोंदणी लागत नसेल तर ऑनलाइन दिलेल्या सूचनेची पावती चालते. पॅन आणि रद्द केलेला धनादेश उधारी मागत असाल तरच द्या. आधारची प्रत कोणी मागितली तर कशासाठी, ते आधी विचारा.

आठ स्टेशनच्या लाउंजचं पत्र असं लिहिता येईल:

"प्रति, विक्री विभाग. विषय: 20 कंट्रोलरचं कोटेशन, वॉरंटीच्या अटींसह.

महोदय, आमच्या पुण्यातील लाउंजमध्ये पीएस 5 ची आठ स्टेशन आहेत. प्रत्येकी दोनप्रमाणे 16 आणि राखीव 4, असे 20 ड्युअलसेन्स कंट्रोलर हवे आहेत. वापर व्यावसायिक आहे, हे आधीच नमूद करतो. नगाचा भाव, जीएसटी आणि वाहतूक वेगवेगळे दाखवावेत. माल भारतातील अधिकृत वितरणातलाच हवा. बिलावर प्रत्येक नगाचा सिरीयल नंबर यावा.

कंपनीची वॉरंटी आमच्या वापराला लागू होते का, ते स्पष्ट लिहावं. होत नसेल तर आपण स्वतः किती महिने बदलून द्याल? ड्रिफ्ट, चार्जिंग पोर्ट आणि बॅटरी त्यात धरता का? सात दिवसांत नग बंद निघाला तर थेट बदली मिळेल का? जाण्या-येण्याचा खर्च कोणाकडे? कोटेशन किमान 15 दिवस ग्राह्य असावं. आपला, ..."

व्यावसायिक वापर लपवू नका. लपवून मिळालेली हमी दुरुस्ती केंद्राच्या दारातच गळून पडते. आणि 'ड्रिफ्ट' हा शब्द लिहाच. नाहीतर 'झीज हमीत येत नाही' असं म्हणून हात वर करायला पुरवठादार मोकळा.

दोन कोटेशन आली असं धरू. पहिला नगामागे 200 रुपयांनी स्वस्त, पण वॉरंटीबद्दल एक शब्द नाही. दुसरा सहा महिने ड्रिफ्टसकट बदलून देतो. पहिल्याकडे 20 नगांवर चार हजार वाचतात. असल्या कंट्रोलरची किंमत सहसा चार हजारांपेक्षा जास्तच असते. म्हणजे एक नग गेला की बचत संपली. मी दुसरा घेईन, फक्त ती हमी बिलावर किंवा पुरवठादाराच्या लेटरहेडवर असेल तर. तोंडी 'बघू की' चालणार नाही.

माल आल्यावर पहिल्या दिवशीच तपासा. कंट्रोलर केबलने विंडोज संगणकाला जोडा, विंडोज आणि आर दाबून हे टाइप करून Enter दाबा:

```
joy.cpl
```

यादीतला कंट्रोलर निवडून Properties उघडा. डावी स्टिक सोडल्यावर चौकोनातलं अधिक चिन्ह आणि उजवी सोडल्यावर Z Axis व Z Rotation च्या पट्ट्या मध्यावर थांबायला हव्यात. यातलं काही एका बाजूला ठळक कलून राहिलं तर सिरीयल नंबर दिसेल असा व्हिडिओ काढून त्याच दिवशी पुरवठादाराला पाठवा. बॉक्स फेकू नका. त्यावरचा आणि नगावरचा नंबर बिलाशी जुळतो का, तेही पाहा. आमच्याकडे एका नगाचा जुळला नव्हता आणि तोच पुढे बिघडला.