भाषा बदलणं वेगळं, भाषा मिसळणं वेगळं: डबिंगमध्ये नेमकं काय हरवतं

मालिकेतलं पात्र एकाच संभाषणात दोन भाषा वापरायला लागलं की आपण सरसकट ‘मिक्स भाषा आहे’ म्हणतो आणि विषय सोडून देतो. पण त्यात दोन वेगळ्या गोष्टी असतात. ‘मीटिंग पोस्टपोन झाली, तू निघ’ या वाक्यात इंग्रजी शब्द आहेत, तरी बोलणाऱ्याने भाषा बदललेली नाही. तो रोजच्या मराठीतच बोलतोय आणि ऐकणाऱ्यालाही त्यात काही वेगळं वाटत नाही. हे झालं भाषा मिसळणं. तोच माणूस पोलीस अधिकाऱ्याशी हिंदीत बोलता बोलता भावाकडे वळून मराठीत एक वाक्य टाकतो, तेव्हा मात्र त्याने भाषा बदललेली असते. त्या एका वाक्यामुळे खोलीतल्या कुणाला काय कळलं आणि कुणापासून काय लपलं, हे ठरतं.

दोन्हींतला फरक ओळखायची माझी कसोटी अशी: सगळं बोलणं मनातल्या मनात एकाच भाषेत करून बघायचं. तसं केल्यावर दृश्यातल्या कुणाचं वागणं विचित्र वाटायला लागलं, तर तिथे भाषा बदलली होती. काहीच बिघडलं नाही, फक्त बोलणं जरा सपक झालं, तर ते मिश्रण होतं. डबिंग म्हणजे नेमका हाच प्रयोग, प्रत्यक्षात केलेला. म्हणून बदल आणि मिश्रण यांचं डबिंगमध्ये होणारं नुकसानही सारखं नसतं.

वरचंच दृश्य जरा नीट बघू. मूळ मालिका हिंदी. अधिकाऱ्याला मराठी अजिबात येत नाही. थोरला भाऊ त्याला सांगतो, ‘साहब, हम दोनों रात भर घर पर थे.’ मग मान वळवून धाकट्याला म्हणतो, ‘गाडीचं काही बोलू नकोस.’ अधिकारी वहीत लिहीत राहतो. हिंदी प्रेक्षकाला खाली सबटायटल दिसतं, म्हणजे अधिकाऱ्यापेक्षा प्रेक्षकाला जास्त कळलेलं असतं आणि दृश्याचा सगळा ताण त्यावर उभा असतो. आता हीच मालिका मराठीत डब केली. दोन्ही वाक्यं मराठीत आली. अधिकाऱ्याच्या समोर, त्याला ऐकू जाईल अशा आवाजात, त्याला समजणाऱ्या भाषेत ‘गाडीचं काही बोलू नकोस’ असं म्हटलं जातं आणि तो शांतपणे लिहीत राहतो. अधिकारी एकदम मूर्ख दिसायला लागतो. नटाने काहीही चुकीचं केलेलं नाही, संवादाचा अर्थही अचूक आहे, तरी दृश्य कोसळलं.

डबिंगचा लेखक इथे काय करू शकतो? वाक्य कुजबुजीत घ्यायचं म्हटलं तर पडद्यावर नट चांगला तोंड उघडून बोलताना दिसतो, त्या चेहऱ्यावर कुजबुज बसत नाही. वाक्य बदलायचं म्हटलं तर तेवढ्याच लांबीचं काहीतरी हवं आणि क्लोजअप असेल तर प, ब, म असे ओठ मिटणारे वर्ण जिथे दिसतात तिथेच पडायला हवेत. ‘आईचं औषध विसरू नकोस’ हे लांबीला बसतं आणि अधिकाऱ्यासमोर बोलायलाही चालतं. पण मग गाडी लपवली आहे ही माहिती प्रेक्षकापर्यंत पोचतच नाही. ती पुढच्या एखाद्या संवादात, बोलणाऱ्याचं तोंड दिसत नसेल अशा जागी घुसवावी लागते. मला विचाराल तर मराठी डबिंगमध्ये या दृश्याचा सर्वांत चांगला उपाय साधा आहे: अधिकाऱ्याशी होणारं बोलणं हिंदीतच ठेवायचं. मराठी प्रेक्षकाला ते समजतं आणि बदल जागच्या जागी राहतो.

तेलुगूत डब करताना अडचण वेगळी होते. तिथे हिंदीच्या जागी तेलुगू येईल आणि भावांमधलं मराठी तसंच ठेवता येईल. कागदावर हे सोपं दिसतं. डबिंगसाठी स्टुडिओकडे संवाद काढून टाकलेला, फक्त संगीत आणि बाकीचे आवाज असलेला ट्रॅक येतो, त्याला एम अँड ई म्हणतात. मुख्य भाषेपेक्षा वेगळ्या भाषेतली वाक्यं बरेचदा त्याच्यासोबत एका निराळ्या ‘ऑप्शनल’ ट्रॅकवर दिलेली असतात. हवी तर ठेवा, नको तर पुन्हा रेकॉर्ड करा. रस्त्यावरून जाणाऱ्या अनोळखी माणसाचं वाक्य असेल तर ते तिथून सरळ उचलता येतं. पण आपला थोरला भाऊ एका दमात दोन्ही भाषा बोलतो. तेलुगू वाक्य डबिंग आर्टिस्टच्या आवाजात आणि पुढचंच मराठी वाक्य मूळ नटाच्या आवाजात आलं, तर माणूस मधेच बदलल्यासारखं वाटतं. त्यामुळे दोन्ही भाषा सफाईने बोलणारा आर्टिस्ट शोधावा लागतो. तो मिळाला नाही की सगळं तेलुगूत करून टाकलं जातं, आणि अधिकारी पुन्हा मूर्ख दिसतो.

दुभाष्याची दृश्यं हे याच दुखण्याचं टोक. 2024 सालच्या ‘शोगुन’ मालिकेत इंग्रज खलाशी पोर्तुगीज बोलतो असं आपण धरून चालायचं असतं, कानाला मात्र इंग्रजी ऐकू येतं. म्हणजे एक भाषा मालिकेने स्वतःच आधी बदलून घेतली आहे. जपानी मात्र जपानीच ठेवली आहे. दुभाषी मारिको त्याचं उद्धट बोलणं जपानीत सांगताना मऊ करते आणि दोन्ही बाजू ऐकू-वाचू शकणाऱ्या प्रेक्षकाला ती काय करतेय ते दिसतं. दोन्ही भाषांच्या जागी एकच भाषा घातली तर ती बाई नुसतं आधीचं वाक्य जरा सौम्य शब्दांत पुन्हा म्हणतेय असं वाटेल, आणि ती हे का करतेय याचं कारणच उरणार नाही. म्हणून अशा मालिकेच्या डबिंगमध्ये दुसरी भाषा हात न लावता ठेवणं, मग कितीही सबटायटल वाचावी लागोत, हाच एक धड मार्ग आहे.

आपण ज्या भाषेत डब करतोय तीच मूळ मालिकेतली ‘परकी’ भाषा असेल तर पेच सर्वांत कठीण. ‘फॉल्टी टॉवर्स’ या 1975 च्या ब्रिटिश मालिकेत मॅन्युएल हा बार्सिलोनाचा वेटर आहे, मालकाचं इंग्रजी त्याला धड कळत नाही. स्पेनसाठी डब करताना मॅन्युएलला इटालियन करून त्याचं नाव पाओलो ठेवलं, आणि कॅटलान डबिंगमध्ये तो मेक्सिकन झाला. पात्राचा देश बदलला, पण न समजण्याचा खेळ वाचला. हा निर्णय मला धाडसी आणि योग्य वाटतो. मात्र तो प्रत्येक ठिकाणी चालत नाही. ‘जेन द व्हर्जिन’ या अमेरिकी मालिकेत आजी अल्बा स्पॅनिश बोलते आणि नात तिला इंग्रजीत उत्तर देते. दोघींना एकमेकींचं सगळं कळतं, लपवाछपवी काही नाही. तिथे दोन भाषा म्हणजे दोन पिढ्यांमधलं अंतर, शिवाय त्या अंतरावरची मायाही. ही मालिका स्पॅनिशमध्ये डब करताना आजीला इटालियन करता येणार नाही, कारण घर, देश सोडून येणं, अमेरिकेत कागदपत्रांविना राहणं हे सगळं तिच्या त्याच ओळखीला बांधलेलं आहे. स्पॅनिशमध्ये दोघी सारख्याच बोलल्या की हे अंतर फार तर आजीच्या जुन्या वळणाच्या शब्दांतून आणि नातीच्या सुटसुटीत बोलण्यातून सुचवता येतं.

काही लपवण्यासाठी नव्हे तर नातं दाखवण्यासाठी होणाऱ्या या दुसऱ्या प्रकारच्या बदलावर भाषाशास्त्रात चांगलं काम आहे. ब्लोम आणि गम्पर्झ या अभ्यासकांनी 1972 साली नॉर्वेतल्या हेमनेसबर्गेट या गावाबद्दल लिहिलं. तिथल्या कार्यालयात लोक घरची विचारपूस गावच्या बोलीत करायचे आणि कामाचं निघालं की प्रमाण नॉर्वेजियनवर जायचे. जागा तीच, माणसं तीच, फक्त नातं क्षणभर बदलायचं. मालिकांमधला हा बदल डबिंगमध्ये सर्वांत गुपचूप मरतो, कारण तो गेल्यावर काहीच विचित्र दिसत नाही. वरची माझी कसोटीसुद्धा इथे अपुरी पडते. अधिकारी मूर्ख दिसला तर प्रेक्षक निदान चमकतो. पण रागावलेली आई इंग्रजी सोडून एकदम माहेरच्या भाषेत बोलली हे डबिंगमध्ये उरलं नाही, तर कुणाला पत्ताही लागत नाही.

आता मिश्रणाकडे. इथे चूक बरोबर उलट दिशेने होते. बदलाच्या बाबतीत दोन भाषा एक होतात, मिश्रणाच्या बाबतीत एक जिवंत बोली धुऊन पुस्तकी केली जाते. हिंदीतली तरुण मुलगी म्हणते, ‘सॉरी यार, लेट हो गया.’ डबिंगमध्ये ती म्हणते, ‘माफ कर मित्रा, मला उशीर झाला.’ शुद्ध आहे, पण त्या वयाची कुणीही असं बोलत नाही. दुसरी चूक म्हणजे मुळात जो शब्द इंग्रजी होता तोच इथेही इंग्रजी ठेवणं. हिंदीत ज्या जागी सहज इंग्रजी शब्द येतो, त्याच जागी मराठीत तो येईलच असं नाही. त्या वयाची, त्या शिक्षणाची, त्या घरातली मराठी मुलगी त्या क्षणी काय मिसळेल हे लेखकाने कानाने ठरवायला हवं: ‘सॉरी रे, उशीरच झाला.’ मिश्रण नव्याने रचता येतं, कारण ते पात्राच्या स्वभावाचा भाग आहे, कथेच्या यंत्रणेचा नाही. म्हणून मिश्रणाच्या बाबतीत मी डबिंगकडून बरीच अपेक्षा ठेवते, बदलाच्या बाबतीत कमी.

सबटायटलना एक सोय आहे जी डबिंगला नाही. ‘पाचिन्को’ (2022) या मालिकेत कोरियन संवादांची सबटायटल पिवळी आणि जपानी संवादांची निळी दिली. जपानमध्ये राहणारं कोरियन कुटुंब एकाच वाक्यात दोन्ही भाषा वापरतं तेव्हा ओळीचा रंगच मधे बदलतो. दोन्ही भाषा न येणाऱ्या प्रेक्षकालाही बदल नेमका कुठे झाला ते दिसतं. आवाजाला रंग देता येत नाही.

डब केलेली मालिका बघताना काही खुणा लक्षात ठेवता येतील. समोरच उभा असलेला माणूस स्वच्छ ऐकू आलेल्या वाक्यावर ‘काय म्हणाला तो?’ असं विचारतो. कुणीतरी आधीच्याचं वाक्य कारण नसताना पुन्हा म्हणतं. ‘आपल्या भाषेत बोल’ असं म्हटल्यावर समोरचा आधीच्याच भाषेत बोलत राहतो. एखाद्या वाक्यावर सगळे एकदम गप्प होतात आणि त्या वाक्यात गप्प होण्यासारखं काही सापडत नाही. यातलं काही दिसलं की तेवढ्यापुरता ऑडिओ मूळ भाषेवर करून ते दृश्य परत बघा. भाषा येत नसली तरी ती कुठे बदलली ते कानाला कळतं.