बीडभोवतीचा रिकामा पट्टा

मराठवाड्यातल्या निरीक्षण विहिरींचा जुना तक्ता स्कॅन करून त्यातले अक्षांश-रेखांश नकाशावर टाकले, की कधी कधी एक चमत्कारिक चित्र समोर येतं. ठिपके भरपूर असतात, पण पट्ट्यापट्ट्यांनी. रेखांश ७५.६० ते ७६.०० यांच्यामध्ये एकही विहीर नाही. ७६.६० ते ७७.०० मध्येही नाही. आडवं पाहिलं तर १८.६० ते १९.०० अक्षांशांचा पट्टाही ठणठणीत. बीड शहर नेमकं अशा एका उभ्या आणि एका आडव्या पट्ट्याच्या छेदावर येतं. नकाशावर विश्वास ठेवला, तर बीडच्या पंचक्रोशीत कुणी विहीर खोदलीच नाही असं म्हणावं लागेल.

विहिरी आहेत. फक्त त्या नैर्ऋत्येला सरकल्या आहेत. बीडचे अक्षांश-रेखांश ढोबळमानाने १८ अंश ५९ मिनिटं उत्तर आणि ७५ अंश ४६ मिनिटं पूर्व. तक्त्यातल्या अंशाच्या खुणा स्कॅनमध्ये पुसट झाल्या आणि कुणीतरी सरळ १८.५९ आणि ७५.४६ असं टंकलं. त्या आकड्यांवर नकाशा उघडला, तर तो बीडपासून सुमारे ५४ किलोमीटरवर, अहिल्यानगर जिल्ह्यातल्या खर्ड्याच्या आसपास जाऊन थांबतो.

अंशाचे ६० भाग म्हणजे मिनिटं आणि मिनिटाचे ६० भाग म्हणजे सेकंद. घड्याळात साडेसहाला आपण ६.३० लिहितो, पण त्याचा अर्थ सहा पूर्णांक तीन दशांश तास असा कुणी घेत नाही. संगणक मात्र टिंब दिसलं की दशांशच समजतो. मिनिटं ५९ च्या पुढे जातच नाहीत, म्हणून अशा चुकीच्या वाचनात टिंबानंतर .५९ च्या वरचा आकडा येऊच शकत नाही. प्रत्येक अंशाचा वरचा ४० टक्के भाग त्यामुळे रिकामा राहतो. पट्टे दिसले की निदान झालं, दुसरा पुरावा शोधायला नको.

हा घोळ लवकर लक्षात येत नाही, कारण सगळीच गावं सारखी सरकत नाहीत. १९ अंश २ मिनिटांवरचं गाव १९.०२ वर दाखवलं तर फरक जेमतेम दीड किलोमीटरचा. पाच-सहा गावं तपासून ‘बरोबर आहे’ म्हणणाऱ्याच्या वाट्याला नेमकी अशीच गावं आली, तर तो फसणारच. ५९ मिनिटांवरचं गाव मात्र तब्बल ४३ किलोमीटर खाली घसरतं.

बरोबर हिशेब सोपा आहे. लातूरजवळची एक विहीर धरू: १८ अंश २४ मिनिटं ३० सेकंद उत्तर, ७६ अंश ३४ मिनिटं १२ सेकंद पूर्व. मिनिटांना ६० ने आणि सेकंदांना ३६०० ने भागायचं आणि सगळं अंशात मिळवायचं. २४ भागिले ६० म्हणजे ०.४, ३० भागिले ३६०० म्हणजे ०.००८३३, म्हणून अक्षांश १८.४०८३३. त्याच रीतीने रेखांश ७६.५७०००. स्प्रेडशीटमध्ये अंश, मिनिटं आणि सेकंद तीन वेगळ्या रकान्यांत ठेवले तर सूत्र एवढंच:

```
=A2+B2/60+C2/3600
```

तीन रकाने वेगळे ठेवण्याचा आग्रह उगाच नाही. १८ २४ ०५ हे सलग १८२४०५ असं लिहिता लिहिता मधलं शून्य गळून १८२४५ झालं, की ते पाच सेकंद होते की आणखी काही, हे मागाहून सांगता येत नाही.

आता स्कॅनकडे. चित्रातून अक्षरं ओळखणारं सॉफ्टवेअर, म्हणजे ओसीआर, अंशाच्या छोट्या गोलाला शून्य समजतं, मिनिटाच्या तिरक्या रेघेला एक आणि सेकंदाच्या दोन रेघांना अकरा. मग असं काहीतरी हाती येतं:

```
76°34'12"   →   7603411211
```

हे निदान डोळ्यांना खटकतं तरी. खरी डोकेदुखी निमूटपणे बदललेल्या आकड्याची. पुसट छपाईत ३ चा ८ होतो, देवनागरी तक्त्यात १ चा ९ होतो. मिनिटं किंवा सेकंद ६० किंवा त्याहून जास्त आले तर चूक उघड आहे, पण २१ चे २९ झाले तर ही चाळणी काहीच पकडत नाही. अशा वेळी कोणता आकडा किती महाग आहे हे माहीत असावं. आपल्या भागात अक्षांशाचा एक सेकंद म्हणजे सुमारे ३१ मीटर, एक मिनिट म्हणजे १.८ किलोमीटर, आणि मिनिटांचा दशकाचा आकडा एकाने चुकला तर १८ किलोमीटर. म्हणून मूळ स्कॅनशी ताडून पाहायला वेळ थोडा असेल, तर तो सेकंदांवर घालवू नये, मिनिटांच्या रकान्यावर घालवावा.

गावाचं नाव पडताळणीला पुरत नाही. पिंपळगाव आणि वडगाव मराठवाड्यात जागोजागी आहेत. तालुक्याची हद्द जास्त कामाची: ठिपका तक्त्यात लिहिलेल्या तालुक्याच्या बाहेर पडला की ती ओळ बाजूला काढायची. आणखी बारीक चाळणी हवी असेल तर तक्त्यात टोपोशीटचा, म्हणजे त्या भागाच्या सरकारी नकाशाच्या पानाचा, क्रमांक आहे का ते पाहावं. भारतीय सर्वेक्षण विभागाची १:५०,००० ची प्रत्येक जुनी शीट १५ मिनिटं बाय १५ मिनिटांची आहे. वरच्या विहिरीचा रेखांश ७६°३०′ ते ७६°४५′ मध्ये आणि अक्षांश १८°१५′ ते १८°३०′ मध्ये बसतो, म्हणजे तिची शीट `56 B/11`. तक्त्यात `56 B/12` लिहिलेलं आढळलं, तर क्रमांक तरी चुकला आहे किंवा मिनिटं तरी.

एक वेगळाच चकवा हातातल्या जीपीएस यंत्रांनी आणला. पुष्कळ यंत्रं सेकंद दाखवतच नाहीत, मिनिटंच दशांशात दाखवतात: १८°२४.५००′. स्कॅनमध्ये टिंब हरवलं की ते १८ २४ ५०० असं दिसतं. शेवटच्या रकान्यात तीन-तीन आकडे आणि ५९ च्या वरच्या संख्या सर्रास दिसू लागल्या, की ते सेकंद नव्हेत, मिनिटाचे सहस्रांश आहेत. त्यांना ३६०० ने नाही, ६०,००० ने भागायचं.

दशांशानंतर किती आकडे ठेवायचे? मूळ तक्ता सेकंदांपर्यंत असेल तर पाच पुरेत. दोनच ठेवले तर विहीर शेजारच्या शिवारात जाते. उलट तक्त्यात फक्त मिनिटं असतील, तर १८°२५′ चे १८.४१६६६७ करून आकडे कितीही लांबवले तरी विहीर किलोमीटरभराच्या परिघात कुठेही असू शकते. अशा ओळींपुढे तसा शेरा लिहून ठेवावा, नाहीतर पुढचा माणूस त्या बिंदूवर जाऊन विहीर शोधत बसतो.

सगळं जमल्यावरही ठिपके उपग्रहचित्रातल्या विहिरींपासून शंभर-दीडशे मीटर बाजूला पडत असतील, आणि सगळेच एकाच दिशेला, तर भागाकार पुन्हा तपासू नये. जुन्या टोपोशीटवरून घेतलेले आकडे एव्हरेस्ट लंबगोलावर बेतलेले असतात, आजचे जीपीएस आणि ऑनलाइन नकाशे डब्ल्यूजीएस ८४ वर. पृथ्वीचा आकार आणि तिचा मध्य दोन्ही पद्धतींत थोडे वेगळे धरले आहेत. क्यूजीआयएस या नकाशांच्या सॉफ्टवेअरमध्ये त्या थराला आधी जुन्या एव्हरेस्ट पद्धतीचा संकेतांक `EPSG:4146` नेमून द्यायचा आणि मग `Reproject Layer` वापरून तो डब्ल्यूजीएस ८४ च्या `EPSG:4326` मध्ये न्यायचा. हे मात्र तक्ता खरोखर जुन्या शीटवरून उतरवला असेल तरच. जीपीएसने घेतलेल्या आकड्यांवर हाच उपाय केला, तर नसलेला फरक आपणच तयार करून बसतो.